भाडेकराराला एक पान जोडा: वीज-पाण्याच्या हिशेबाचे

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे



मी विद्युत ठेकेदार आहे. बंगल्याचा वरचा मजला, मागच्या दोन खोल्या, वाड्यातली एखादी खोली भाड्याने द्यायची ठरली की तिथे सबमीटर बसवायला मला बोलावतात. तासाभरात मीटर बसतो. मालक आणि भाडेकरू दोघेही समाधानाने त्याच्याकडे पाहतात आणि आता वाद मिटला असे धरून चालतात. पुढे काही महिन्यांनी त्यांच्यापैकी एकाचा मला फोन येतो, “तुमचा मीटर पळतोय.” बहुतेक वेळा मीटर पळत नसतो. युनिट किती झाले ते मीटरने बरोबर सांगितलेले असते. त्या युनिटांचे रुपये कसे करायचे हे मात्र कुणीच कुठे लिहिलेले नसते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधल्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तो तसा करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती त्याने पाळली नाही, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. इतक्या गांभीर्याने नोंदवलेल्या करारात विजेबद्दल साधारण एकच वाक्य असते: भाडेकरूने वापरलेल्या विजेचे बिल त्याने भरावे. घराला स्वतंत्र मीटर असेल तर तेवढे पुरते. एकाच मीटरवर दोन चुली चालत असतील तर त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून हे पत्र. अकरा महिन्यांच्या कराराला आपल्या खात्याने वीज-पाण्याच्या हिशेबाचे एक पानी परिशिष्ट जोडावे, ही माझी विनंती आहे. त्यात काय असावे, ते एका घराच्या हिशेबातून मांडतो.

खाली मालकाचे चौघांचे कुटुंब राहते आणि वर दोघे नवरा-बायको. महावितरणचा मीटर एकच. वरच्या मजल्याला एक सबमीटर आहे. पाणी गच्चीवर चढवणाऱ्या पंपाला मी आग्रहाने दुसरा सबमीटर लावला आहे, कारण पंप दोघांचा असतो आणि भांडण बहुधा त्याच्यापासूनच सुरू होते. महिन्याला मेन मीटरवर 420 युनिट झाले, वरच्या मजल्यावर 130 आणि पंपावर 20. उरलेले 270 मालकाचे. पंपाचे 20 युनिट माणशी वाटले, चार वाटे खाली आणि दोन वर, म्हणजे गोळाबेरीज 13 आणि 7. भाडेकरूचे 137 झाले, मालकाचे 283. इथवर कुणाची तक्रार नसते.

तक्रार पुढे सुरू होते, कारण घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिल्या 100 युनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याहून बराच चढा, 301 ते 500 ला आणखी चढा आणि त्यापुढे सर्वांत वरचा. हे टप्पे माणसांना लागू होत नाहीत, जोडणीला होतात. दोन कुटुंबांचा वापर एका जोडणीवर आला की दोघे मिळून वरच्या टप्प्यात जातात. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून हिशेबापुरते गोल आकडे घेऊ. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन सगळे धरून पहिल्या टप्प्याला युनिटमागे 6 रुपये, दुसऱ्याला 12 आणि तिसऱ्याला 16 समजू. मग 420 युनिटांचे 600 अधिक 2,400 अधिक 1,920, म्हणजे 4,920 रुपये होतात. यातले 137 युनिटांचे किती?

मालक म्हणतो, “मी इथे आधीपासून राहतो. माझे युनिट खालच्या टप्प्यांत आणि तुमचे वर पडलेले. तुमच्यामुळेच बिल 300 च्या पुढे गेले.” या हिशेबाने भाडेकरूकडे 120 युनिट 16 रुपयांनी आणि 17 युनिट 12 रुपयांनी येतात, म्हणजे 2,124 रुपये. भाडेकरू म्हणतो, “मी वेगळा राहत असतो तर पहिले 100 मला 6 रुपयांनी आणि 37 बारा रुपयांनी पडले असते, म्हणजे 1,044 रुपये.” दोघांचेही गणित बरोबर आहे आणि दोघांमध्ये 1,080 रुपयांचे अंतर आहे. सबमीटर कितीही अचूक असला तरी हे अंतर तो मिटवू शकत नाही.

हे 1,080 कुठून आले ते पाहण्यासारखे आहे. मालकाचे 283 युनिट वेगळ्या मीटरवर असते तर त्याचे 2,796 झाले असते. भाडेकरूचे 1,044 धरून दोघांचे मिळून 3,840. प्रत्यक्ष बिल 4,920 आले. वरची सगळी रक्कम फक्त मीटर एक असल्यामुळे पडली. दुसरा मीटर घेतला तर त्याचा स्थिर आकार वेगळा भरावा लागेल, पण तो याच्या मानाने किरकोळ आहे. त्यामुळे माझ्याकडे सबमीटरसाठी येणाऱ्या प्रत्येक मालकाला मी आधी हेच सांगतो, की वरच्या मजल्याला वेगळे दार आणि वेगळी वायरिंग असेल तर आधी स्वतंत्र जोडणीचा अर्ज करा. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 43 नुसार जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही वीजपुरवठा मागू शकतो. अनेक मालकांना मात्र वेगळ्या मीटरवर भाडेकरूचे नाव लागेल या भीतीने झोप येत नाही. तेव्हा सबमीटरवरच भागवायचे झाले, तर मधला मार्ग लिहून ठेवावा लागतो.

मधले मार्ग दोन. पहिला सरासरी दराचा. 4,920 भागिले 420, म्हणजे युनिटमागे 11 रुपये 71 पैसे. 137 युनिटांचे 1,605 रुपये. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कुणालाही तपासता येतो, हा त्याचा मोठा गुण. दुसरा मार्ग स्वतंत्र हिशेबाच्या प्रमाणाचा. दोघांचे वेगवेगळे बिल काय आले असते ते काढायचे, 2,796 आणि 1,044, आणि प्रत्यक्ष रक्कम त्याच प्रमाणात वाटायची. मग भाडेकरूकडे 1,338 रुपये येतात आणि मालकाकडे 3,582. एका मीटरमुळे पडलेला भुर्दंड दोघे आपापल्या वापराच्या मानाने वाटून घेतात.

दोघांचा वापर जवळपास सारखा असेल तर दोन्ही मार्गांनी उत्तर जवळपास तेच येते, मग सरासरीच बरी. वर एकटा विद्यार्थी राहत असेल, महिन्याला त्याचे साठ युनिट होत असतील आणि खाली दोन एसी चालत असतील, तर सरासरी त्याच्यावर अन्याय करते. सगळा वापर पहिल्या टप्प्यातला असूनही तो दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचे पैसे भरतो. अशा घरात प्रमाणाचाच मार्ग लिहावा. परिशिष्टात हे दोन पर्याय छापलेले असावेत आणि एकावर खूण करायची सोय असावी. ‘शेवटचे युनिट भाडेकरूचे’ हा तिसरा पर्याय नसावा. मीटरमधून वीज एकत्रच जाते, त्यात कुणाचे युनिट आधीचे आणि कुणाचे नंतरचे असे काही नसते.

‘युनिटला सरसकट पंधरा रुपये’ हा प्रकारही परिशिष्टात बसू नये. सोपा असल्यामुळे तो गावोगाव चालतो. पण मालकाला महावितरणचा सरासरी दर 11 रुपये पडला आणि त्याने 15 घेतले, तर ती बिलाची वाटणी राहत नाही, विजेची विक्री होते, आणि वीज विकायला परवाना लागतो. बिलाची प्रत भाडेकरूला दाखवली की हा प्रश्न आपोआप संपतो.

बिलातल्या बाकीच्या ओळींना फार वेळ लागत नाही. स्थिर आकार जोडणीचा असतो, वापराचा नसतो. तो निम्मा-निम्मा करावा, आणि भाडेकरू महिनाभर गावी गेला तरी त्याचा निम्मा त्याने द्यावा. 16 टक्के वीज शुल्क प्रत्येकाने आपापल्या रकमेवर द्यावे. आपल्या उदाहरणात स्थिर आकार 130 रुपये धरला आणि सरासरीचा मार्ग घेतला, तर भाडेकरूचे 1,605 आणि 65 मिळून 1,670 होतात. त्यावर शुल्क 267, एकूण 1,937 रुपये. मालकाचे 3,921. दोन्ही मिळून 5,858, आणि बिलही तेवढ्याचेच. बेरीज बिलाशी जुळली पाहिजे, हे त्या पानावर ठळक छापावे. मागील थकबाकी, उशिराचे व्याज आणि महावितरण वेगळ्या बिलाने मागते ती सुरक्षा ठेव यांत भाडेकरूचा संबंध नाही. भाडेकरूने पैसे उशिरा दिल्यामुळेच व्याज पडले असेल, तर मात्र ते त्याचे.

तारखांचा घोळ वेगळाच आहे. बिलातले रीडिंग सात तारखेचे असते आणि मालक सबमीटर एक तारखेला, भाडे घेताना, वाचतो. मधल्या सहा दिवसांत एसी चालला की दोघांचे आकडे जुळत नाहीत. यावर माझा साधा उपाय असा, की ठरलेल्या एका दिवशी मेन मीटर, सबमीटर आणि पंपाचा मीटर यांचे पाठोपाठ फोटो काढायचे आणि ते दोघांच्या फोनवर ठेवायचे. कुणाचा वाटा किती हे आपल्या फोटोंवरून ठरवायचे आणि वाटायची रक्कम बिलातून घ्यायची. महावितरणचा माणूस चार दिवस मागे-पुढे आला तरी मग फारसे बिघडत नाही. मीटर वाचला गेला नाही म्हणून सरासरीचे बिल आले, तर त्या महिन्याचे पैसे तात्पुरते समजावेत आणि खऱ्या रीडिंगचे बिल आल्यावर सगळ्या महिन्यांचा हिशेब एकदम करावा.

आता मीटरबद्दल. बरेचसे साधे सबमीटर आकड्यांच्या चाकांचे असतात आणि शेवटचे चाक लाल असते. लाल आकडा युनिटाचा दहावा भाग दाखवतो. 1304 आणि लाल 7 हे रीडिंग 1304.7 आहे, 13047 नाही. पहिल्या महिन्यात कुणी लाल आकडा सोडून वाचले आणि दुसऱ्या महिन्यात धरून, की वापर एकदम हजारोंनी वाढलेला दिसतो. काचेवर आकडे आलटूनपालटून येणाऱ्या मीटरमध्ये युनिट, व्होल्ट, अँपिअर एकामागून एक झळकतात. फोटो kWh दिसत असतानाचाच हवा.

त्याहून महत्त्वाची चाचणी वायरिंगची आहे आणि ती करार सुरू होण्याआधी, दोघांच्या समोर व्हावी. वरच्या मजल्याचा सबमीटरनंतरचा एमसीबी पाडायचा आणि घरभर फिरून काय काय बंद पडले ते पाहायचे. जिन्यातला दिवा विझला, फाटकावरचा बल्ब गेला, खालच्या इन्व्हर्टरने बॅटरीवर उडी मारली, तर मालकाची वीज भाडेकरूच्या मीटरमधून जाते आहे. जुन्या घरांत हे हमखास सापडते, कारण तेव्हाच्या वायरमनने जवळची वायर पकडलेली असते आणि त्यात कुणाचा लबाडपणा नसतो. मग उलट चाचणी. मालकाचे आणि पंपाचे एमसीबी पाडून फक्त वरचे घर चालू ठेवायचे आणि मेन मीटर व सबमीटर दोन्हींवरचा लुकलुकणारा लाल दिवा एकाच वेळी मोजायचा. प्रत्येक मीटरवर एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेले असते, उदाहरणार्थ 3200 imp/kWh किंवा 1600 imp/kWh. मेन 3200 चा आणि सबमीटर 1600 चा असेल, तर मेनवर 100 लुकलुकी होताना सबमीटरवर 50 व्हायला हव्यात. एखाददुसऱ्याचा फरक चालेल. सबमीटरवर 60 झाल्या तर काहीतरी गडबड आहे. बहुधा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटशी जुळलेला असतो आणि काही मीटर ‘अर्थ’ लिहिलेला छोटा दिवा लावून ते दाखवतातही. सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद असताना सबमीटर लुकलुकत असेल, तर त्याच्या पुढे कुठेतरी गळती आहे किंवा वायर चोरून जोडलेली आहे. दहा मिनिटांत होणारी ही चाचणी न करता मीटर सुरू करून द्यायला मी आता तयार नसतो.

पाण्याचे सांगताना मी जरा हात आखडतो, कारण तिथे सबमीटर दरवेळी शहाणपणाचा नसतो. जिथे नगरपालिका नळजोडाच्या आकारावर वर्षाची एकरकमी पाणीपट्टी घेते, तिथे मोजून वाटण्यासारखे काही नाही. ती मालकाने भाड्यातच धरावी आणि करारात तसे लिहावे. जिथे पालिकेचे बिल मीटरवर येते, तिथे आधी प्लंबरला एकच प्रश्न विचारावा: गच्चीवरच्या टाकीतून वरच्या मजल्याला किती पाइप उतरतात? बाथरूमला एक आणि स्वयंपाकघराला दुसरा असे दोन उतरत असतील, तर एक मीटर निम्मेच पाणी मोजतो. मग दोन मीटर लावा, नाहीतर मीटरचा नाद सोडून माणशी वाटणी करा. वाटणी माणशी असेल, तर आठवड्याहून जास्त राहणारा पाहुणा धरायचा की नाही, हेही लिहा.

एकच पाइप असेल तर अर्ध्या इंचाचा मीटर पुरतो. तो आडवा, तोंड वर ठेवून आणि अशा जागी बसवावा, जिथे पाइप नेहमी भरलेला राहील. पाइपात हवा शिरली तर हवेनेही चाक फिरते आणि हवेचे बिल भरावे लागते. उलट बाजूनेही चूक होते. टाकी मीटरच्या थोडीच वर असेल, तर दाब कमी असतो. मग नळ बारीक सोडला की किंवा कमोडची टाकी झिरपत राहिली की मीटर ते पाणी मोजतच नाही. सगळे नळ बंद करून मीटरच्या तोंडावरची छोटी चांदणी पाहावी. ती हळूहळू फिरत असेल तर घरात कुठेतरी गळते आहे. काळे आकडे घनमीटर, म्हणजे हजार लिटर दाखवतात, लाल आकडे त्याखालचे लिटर.

वाटणी करताना मी इथे विजेपेक्षा वेगळे धोरण सुचवतो. पालिकेच्या मीटरवर 30 हजार लिटर आणि भाडेकरूच्या मीटरवर 8 हजार असतील, तर भाडेकरूने 8 हजारांचे पैसे सरासरी दराने द्यावेत आणि उरलेले सगळे मालकाचे. त्या उरलेल्यात टाकी भरून वाहिलेले पाणी आहे, अंगणातल्या झाडांचे आहे, जमिनीखालच्या पाइपची गळती आहे. टाकीचा तरंगता व्हॉल्व्ह आणि जमिनीखालचा पाइप भाडेकरूच्या हातात नसतात. त्याच्या मीटरच्या पुढची गळती मात्र त्याची, मालकाला लेखी कळवेपर्यंत. कळवल्यानंतर दुरुस्तीला उशीर झाला तर त्या दिवसांचे पाणी मालकाचे. उन्हाळ्यात मागवलेल्या टँकरचे पैसे बिलात मिसळू नयेत. ते टँकर आला त्या दिवशीच माणशी वाटावेत आणि पावतीचा फोटो दोघांकडे ठेवावा.

हे सगळे त्या पानावर साध्या मराठीत असे छापता येईल:

“मेन मीटर, सबमीटर व पंपाचा मीटर यांचे क्रमांक आणि आजचे रीडिंग सोबत लिहिले असून फोटो दोघांकडे आहेत. सबमीटरची चाचणी दोघांसमोर झाली आहे. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तिन्ही मीटर दोघांपैकी कुणीही वाचेल व फोटो दुसऱ्यास पाठवील. पंपाचे युनिट माणशी वाटले जातील. वापराची रक्कम सरासरी दराने / स्वतंत्र हिशेबाच्या प्रमाणात वाटली जाईल (एकावर खूण). स्थिर आकार निम्मा. वीज शुल्क आपापल्या रकमेवर. थकबाकी व सुरक्षा ठेव मालकाची. बिलाची प्रत मिळाल्यापासून सात दिवसांत भाडेकरू पैसे देईल. आकड्यावर वाद असल्यास वाद नसलेली रक्कम वेळेत दिली जाईल आणि तोपर्यंत वीज-पाणी बंद केले जाणार नाही. घर सोडताना त्या दिवशीचे रीडिंग घेऊन मागील बिलाच्या सरासरी दराने शेवटचा हिशेब होईल व तो अंतिम असेल.”

शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. घर सोडताना शेवटचे बिल आलेले नसते आणि तेवढ्या एका कारणाने डिपॉझिट महिनाभर अडकून राहते. मागच्या दराने हिशेब केला तर फरक पडेल तो थोड्या रुपयांचा, आणि तो दोघांनी सोडून द्यावा.

महोदय, करार नोंदवताना आपण मालकाचा आणि भाडेकरूचा अंगठा घेता, फोटो घेता, मिळकतीचे क्षेत्रफळ आणि भाड्याचा आकडा नोंदवता. त्याच वेळी ‘या जागेस स्वतंत्र वीजमीटर आहे काय?’ एवढा एक प्रश्न विचारला जावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर वरचे पान भरल्याशिवाय करार पुढे जाऊ नये. यासाठी मुद्रांक शुल्कात बदल लागत नाही आणि नवा कर्मचारीही लागत नाही. पुढच्या वेळी नमुना करार सुधाराल तेव्हा हे पान त्यात घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक विद्युत ठेकेदार, पुणे